बारशाला काय न्यायचं? बाराव्या दिवसाचं नव्हे, सहाव्या महिन्याचं बघा

बारसं आटोपतं, पाहुणे जातात आणि घरातली मंडळी भेटी उघडायला बसतात. एकाच मापाची आठ झबली, चार मऊ ब्लँकेटं, जाळीच्या तीन छोट्या गाद्या, दोन मोठी टेडी बेअर आणि तेल-पावडर-साबणाचे पाच डबे. यातली झबली बाळाला दीड-दोन महिन्यांत घट्ट होतात. गाद्यांपैकी एकच वापरात राहते. उरलेलं सगळं कपाटात जातं आणि तिथून पुढच्या एखाद्या बारशाला.

चूक पाहुण्यांच्या हौसेत नसते. प्रत्येक जण दुकानात जाऊन "बारशाला द्यायचंय" असं सांगतो आणि दुकानदार प्रत्येकाला बारा दिवसांच्या बाळाच्या वस्तू दाखवतो. सगळेच एका दिवसाचा विचार करून खरेदी करतात, म्हणून सगळ्यांच्या पिशवीत तेच निघतं.

माथेरानसारख्या ठिकाणी हा प्रश्न जरा जास्त टोचतो. तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे. पाहुण्यांची गाडी दस्तुरी नाक्याला थांबते आणि तिथून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. पुढचा रस्ता पायी, घोड्यावर, ई-रिक्षानं किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटल गाडीनं. भेट वर न्यायला कष्ट पडतात आणि नको असलेली भेट बदलून आणायला तर कर्जत-कल्याणला जाण्यात अख्खा दिवस मोडतो. "डब्यात बिल ठेवलंय, हवं तर बदलून घ्या" हा शहरातला तोडगा इथे फारसा कामाचा नाही.

मग काय न्यायचं? त्यासाठी आधी बाकीचे काय आणणार आहेत ते ओळखायला हवं.

कोण काय आणतं?

मराठी घरांत बारशाच्या भेटींची एक न लिहिलेली वाटणी असते. आजोळकडून बाळंतविडा येतो. त्यात झबली, टोपडी, दुपटी, कुंची, लंगोट आणि बाळाच्या आईसाठी साडी असते. पाळणा किंवा पाळण्याचं सामानही अनेकदा आजोळचंच. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, त्यामुळे तिच्याकडून कपड्यांबरोबर वाळे, मनगट्या किंवा साखळी असं काही चांदीचं येण्याची शक्यता मोठी. मामा-मावशी एखादी मोठी वस्तू घेतात. हल्ली ती बहुतेक वेळा जाळीची गादी किंवा बाळाची गाडी असते.

म्हणजे जवळच्या नात्यांनी पहिल्या तीन महिन्यांची सोय केलेली असते. शेजारी, मित्र, ऑफिसमधले सहकारी, चुलत-मावस नातेवाईक यांनी त्याच वस्तू आणल्या की दुबार होणारच. वाटणी मोडायची नसेल आणि भेट वायाही घालवायची नसेल तर सोपा मार्ग म्हणजे तारीख पुढे ढकलायची. भेट बारशालाच द्यायची, पण ती वापरात येईल सहाव्या महिन्यात.

सहा महिने मोजा

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार सहा महिन्यांच्या मुलाचं मध्यम वजन ७.९ किलो आणि मुलीचं ७.३ किलो असतं. जन्माच्या वेळी हेच आकडे अनुक्रमे ३.३ आणि ३.२ किलो. म्हणजे सहा महिन्यांत वजन दुपटीहून जास्त होतं आणि बारशाला आलेला एकही कपडा अंगात जात नाही. नेमकी तेव्हा घरात कपड्यांची टंचाई असते, कारण त्या वेळी कोणी भेट आणत नाही.

कपडा घेताना दोन गोष्टी पाहायच्या. पहिली माप. "० ते ३ महिने" सोडून "६ ते ९" किंवा "९ ते १२ महिने" घ्या. शंका असेल तर मोठं माप बरं. सैल कपड्याची बाही दुमडता येते, घट्ट कपड्याचं काही करता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ऋतू, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. जुलैत बारसं असेल तर सहावा महिना जानेवारीत येतो, म्हणून पूर्ण बाहीचा, जाडसर कपडा. नोव्हेंबरच्या बाळासाठी सहावा महिना मे, म्हणून बिनबाह्यांचं सुती झबलं. फेब्रुवारीच्या बाळासाठी तो ऑगस्ट, म्हणून पटकन वाळणारा पातळ कपडा. बारशाच्या दिवशीची हवा पाहून मोठ्या मापाचा कपडा घेतला, तर तो अंगात बसेल तेव्हा हवामान उलटं झालेलं असतं.

कपड्याशिवायही सहाव्या महिन्याच्या आसपासच्या गोष्टी आहेत. त्या सुमाराला बाळाचं उष्टावण होतं. छोटी स्टीलची वाटी, कडा बोथट असलेला मऊ चमचा, गळ्याशी बांधायची लाळेरी. ही वस्तू चांदीचीच हवी असं नाही. चांदी घ्यायचीच असेल तर हॉलमार्कचं चिन्ह पाहून घ्या. "जर्मन सिल्व्हर" या नावाच्या धातूत चांदी नसते. तो तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू असतो आणि निकेलमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं.

दोन आल्या तरी चालेल का?

दुबार होण्याची भीती असेल तर वस्तू हातात घेऊन एक प्रश्न विचारायचा: हीच वस्तू आणखी एकानं आणली तर दुसरी वाया जाईल का? पाळणा, गादी, गाडी, आंघोळीचा टब यांचं उत्तर "हो" आहे. मलमलची दुपटी, लंगोट, छोटे टॉवेल यांचं "नाही".

माथेरानच्या पावसाळ्यात तर हे "नाही" आणखी ठाम होतं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस धुकं हटत नाही आणि दोरीवरचा कपडा तिसऱ्या दिवशीही दमट लागतो. हिशेब करून पाहा. लहान बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात असं धरलं आणि धुतलेला लंगोट वाळायला तीन दिवस लागले, तर घरात किमान तीस-पस्तीस लंगोट हवेत. ऊन असलेल्या गावात पंधरात भागतं. बाळंतविड्यात आलेले डझनभर लंगोट इथे एका दिवसात संपतात. म्हणून पावसाळ्यातल्या बारशाला जुन्या वळणाचे सुती लंगोट आणि पातळ दुपटी नेणं हे साधं दिसलं तरी अचूक ठरतं. दुपटं जाड नको, पातळ हवं. पातळ कापड लवकर वाळतं आणि थंडीत दोन एकावर एक गुंडाळता येतात.

डायपर द्यायचे असतील तर पाकिटावरचा वजनाचा आकडा पाहा आणि बाळाच्या आत्ताच्या वजनापेक्षा एक माप पुढचं घ्या. नवजात मापाचं मोठं पाकीट संपायच्या आत बाळ त्या मापातून बाहेर पडतं.

काय नेऊ नये?

काही वस्तू केवळ निरुपयोगी नसतात, त्या धोकादायकही ठरू शकतात. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच प्रेमानं आणि परंपरेनं दिल्या जातात.

मोहरीची उशी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ही दिली जाते. मात्र बाळाच्या सुरक्षित झोपेबद्दल बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे: बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर झोपवावं. पहिल्या वर्षी झोपेच्या जागी उशी, सुटी जाड पांघरुणं किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, कारण त्यात तोंड-नाक दबून श्वास कोंडू शकतो. दमट हवेत मोहरीला बुरशी धरते आणि शिवण उसवली तर दाणे थेट बाळाच्या तोंडाशी येतात, हा आणखी एक त्रास. मोठा टेडी बेअर याच कारणासाठी पाळण्यात नको.

मध. माथेरानच्या बाजारात चिक्की, चपला आणि मध यांची दुकानं ठायी ठायी आहेत, त्यामुळे येताना मधाची बाटली घेणं साहजिक वाटतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. त्यामुळे स्नायू लुळे पडतात आणि श्वासालाही त्रास होऊ शकतो. मध शुद्ध असो वा उकळलेला, याला अपवाद नाही. द्यायचाच असेल तर तो घरच्या मोठ्या माणसांसाठी आहे हे सांगून द्या.

डांबर गोळ्यांतले कपडे. पावसाळ्यात कपड्यांना वास आणि कसर लागू नये म्हणून पेटीत डांबर गोळ्या टाकतात. घरात जपून ठेवलेली रेशमी कुंची किंवा शाल बाळाला देताना हे आठवायला हवं. या गोळ्यांमध्ये अनेकदा नॅफ्थलीन असतं. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाच्या अंगाला किंवा श्वासाला नॅफ्थलीन लागलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. कमतरता आहे हे घरच्यांना माहीत असेलच असं नाही. म्हणून असा कपडा देण्याआधी धुऊन, चांगला वारा लागू देऊन वास पूर्ण गेल्याची खात्री करा. पावसाळ्यात तो वास जात नसेल तर कपडा देऊच नका.

वॉकर. बाळ लवकर चालेल या समजुतीनं तो दिला जातो. प्रत्यक्षात वॉकरमुळे बाळ लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून आणि उतारावरून घसरण्याचे अपघात होतात. कॅनडानं २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. माथेरानची घरं डोंगरउतारावर, बऱ्याच ठिकाणी दारातच पायऱ्या आणि पुढे तांबड्या मातीची वाट. तिथे वॉकर म्हणजे अपघाताला आमंत्रण.

दुधाची बाटली. बाटली आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातीवर भारतात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. ती कंपन्या आणि विक्रेत्यांसाठी आहे, नातेवाइकांसाठी नाही. पण कायद्यामागचं कारण भेटीलाही लागू पडतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध पुरेसं असतं आणि नीट न उकळलेल्या बाटलीतून जुलाब होतात. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर हवी ती बाटली घरचे स्वतः घेतील.

खेळणं घेतलंच तर

बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की वस्तू पकडू लागतं आणि त्यानंतर हातात येईल ते तोंडात घालतं. म्हणून खुळखुळ्याची परीक्षा तोंडाच्या हिशेबानं करायची. खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या मानकांत यासाठी सुमारे ३२ मिलीमीटर व्यासाची नळी वापरतात. सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा. घरी टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद असते, त्यामुळे तिच्यात न मावणारी वस्तू या परीक्षेत अधिक सुरक्षित बाजूला राहते.

मग खेळणं दोन्ही हातांनी ओढून पाहा. डोळे, बटणं, घुंगरू सुटतात का? वाळ्यांच्या घुंगरांना आणि मनगट्यांच्या काळ्या मण्यांनाही हीच कसोटी लावा. दोऱ्यात ओवलेले मणी दोरा तुटला की सुटे होतात. आवाज करणाऱ्या खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतच भाजू शकते.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकून तपासता येतो. रस्त्याकडेच्या पाटीवरच्या बिनचिन्हाच्या चकचकीत खुळखुळ्याबाबत ही सोय नाही.

एक हिशेब करून पाहू

समजा, माथेरानच्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्या घरात ५ जुलैला बाळ झालं. जन्माचा दिवस पहिला धरला तर बारावा दिवस १६ जुलै. वडिलांचा कर्जतला राहणारा चुलतभाऊ बारशाला जाणार आहे. खर्चाची मर्यादा हजार रुपये.

पहिली पायरी फोनची. "काय आणू?" असं विचारलं तर "काही नको, तुम्ही आलात हेच खूप" हेच उत्तर येणार. म्हणून तो बाळाच्या आईला नव्हे, आजीला फोन करतो आणि प्रश्न नेमका ठेवतो: "काकू, मामाकडून मच्छरदाणीची गादी येतेय का? घरात डिजिटल थर्मामीटर आहे का?" हो-नाहीच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. कळतं की गादी येतेय, बाळंतविडा आलाय, थर्मामीटर नाही.

दुसरी पायरी सहा महिने मोजण्याची. ५ जानेवारीला बाळ सहा महिन्यांचं होईल आणि लगेच बाळाची पहिली संक्रांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी बोरन्हाण होईल. त्यासाठी काळं झबलं लागतं आणि ते कोणी जुलैत आणत नाही. तो पूर्ण बाहीचं, सुती, काळं झबलं "९ ते १२ महिने" मापात निवडतो.

इथे एक अडचण आहे. बारसं हे मंगलकार्य, आणि पुष्कळ घरांत अशा दिवशी काळा कपडा देणं वडीलधाऱ्यांना रुचत नाही. शिवाय काही घरांत पहिल्या संक्रांतीचं झबलं आणि हलव्याचे दागिने आजोळकडून येतात. त्यामुळे हेही तो आजीला आधी विचारतो. त्या "आण की, पण पाळण्याजवळ नको देऊस" म्हणाल्या तर झबलं वेगळ्या पाकिटात, वर "संक्रांतीसाठी" असं लिहून त्यांच्याच हातात द्यायचं. नाही म्हणाल्या, किंवा घरात बोरन्हाणाची पद्धतच नसेल, तर त्याच मापाचा रंगीत, गरम कपडा. हलव्याचे दागिने मात्र त्यानं बाजूला ठेवले. ते साखरेचे मणी सहा महिन्यांच्या बाळाच्या घशात अडकू शकतात आणि सणाच्या वेळी ताजे मिळतातच.

उरलेल्या पैशांत थर्मामीटर. माथेरानमध्ये रात्री बाळाचं अंग तापलं तर चटकन गाडी काढून नेरळ-कर्जत गाठता येत नाही. रुग्णवाहिका बोलवायची की सकाळपर्यंत थांबायचं हे ठरवायला हाताच्या अंदाजापेक्षा आकडा हवा. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५.५ अंशांहून (९५.९ फॅरनहाइट) खाली गेलं असेल, तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. थर्मामीटर पाऱ्याचा नको, टोक लवचिक असलेला डिजिटल हवा. त्यासोबत तो एक चेनची प्लास्टिकची फाइल घेतो, ज्यात लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्मदाखला दमट हवेतही कोरडा राहील.

शेवटची पायरी बांधणीची. जुलैत नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन पावसामुळे बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. ती चुकली तर धो धो पावसात पायी. म्हणून चमकी कागद आणि मोठा खोका नाही. सगळं आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग कापडी पिशवीत, खांद्याला लटकवता येईल असं. "घालण्याआधी एकदा धुऊन घ्या" ही चिठ्ठी आत, कारण नव्या कापडाला खळ आणि रंगाचे अंश असतात.

पाकीट दिलं तर?

काहीच नक्की ठरत नसेल तर रोख रकमेचं पाकीट ही सगळ्यात कमी दुबार होणारी भेट. मुलगी असेल आणि पालकांचा विचार असेल तर त्यातून सुकन्या समृद्धी खातं सुरू होऊ शकतं. त्यासाठी वर्षाला किमान २५० रुपये पुरतात. हे खातं फक्त आई-वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. काका-मावशीला ते परस्पर उघडून पासबुक भेट देता येत नाही. पाकिटावर तसं लिहून रक्कम द्यायची, पुढचं पालकांवर सोडायचं.

आणि पाकीट असो वा पिशवी, बाराव्या दिवसाच्या गर्दीत ती बाळाच्या उशापायथ्याशी ठेवू नका. पाळण्यात बाळाशिवाय काही नको.